दोन घात, चार मुळे

x² − 1 = 0 या समीकरणाची मुळे शाळेत दोनच शिकवतात: 1 आणि −1. आता प्रत्येक संख्येला 8 ने भागून फक्त बाकी ठेवायची, म्हणजे आपल्याकडे 0 ते 7 एवढ्याच संख्या उरतात. इथे 3 घालून पाहा. वर्ग 9, बाकी 1, समीकरण सुटले. 5 चा वर्ग 25, 7 चा 49, बाकी पुन्हा 1. म्हणजे 1, 3, 5, 7 अशी चार मुळे!

बिघडले कुठे? अवयव पाडण्यात नाही. (x − 1)(x + 1) इथेही बरोबरच आहे. x = 3 घेतल्यावर मात्र 2 × 4 = 8, म्हणजे शून्य, पण दोन्हींपैकी एकही अवयव शून्य नाही. परिमेय किंवा वास्तव संख्यांसारख्या क्षेत्रात शून्येतर प्रत्येक संख्येने भागता येते, त्यामुळे गुणाकार शून्य आला तर एक अवयव शून्य असतोच. तिथे एक मूळ सापडले की एक अवयव बाहेर निघतो, घात एकाने उतरतो आणि उरलेली मुळे उरलेल्या अवयवातच शोधावी लागतात. म्हणून n घाताच्या बहुपदीला n पेक्षा जास्त मुळे नसतात.

8 ऐवजी 7 ने भागा: मुळे 1 आणि 6, दोनच. 7 मूळ संख्या आहे, म्हणून इथेही शून्येतर प्रत्येक संख्येने भागता येते.