चंद्राचे शेजारी

पत्रिकेत पैशाचा प्रश्न आला की आपण लग्नापासून दुसरे घर पाहतो. पण वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त चंद्रापासूनही हा विचार केला आहे. चंद्राच्या पुढच्या राशीत ग्रह असला तर सुनफा, मागच्या राशीत असला तर अनफा आणि दोन्हीकडे ग्रह असले तर दुरुधरा. मोजायचे फक्त मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी. सूर्य धरायचा नाही.

सुनफाचे फळ म्हणजे स्वतःच्या कष्टाने आणि बुद्धीने मिळवलेला पैसा. अनफात भर निरोगी शरीर, चांगले कपडे, नावलौकिक यांवर आहे, म्हणजे असलेले नीट उपभोगता येण्यावर. दुरुधरात धन, वाहने आणि नोकरचाकर येतात, शिवाय देण्याची वृत्तीही. दोन्ही बाजू रिकाम्या असतील तर केमद्रुम, म्हणजे दारिद्र्य.

आता एक आकाश मांडून पाहू. सूर्य कन्येत, बुध तुळेत, शुक्र सिंहेत, मंगळ मिथुनेत, गुरू कर्केत, शनी मीनेत. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस राहतो. तो वृषभ, मिथुन किंवा कुंभेत असताना जन्मलेल्यांना सुनफा मिळेल. मेष, सिंह किंवा वृश्चिकेत अनफा. कर्क आणि कन्येत दुरुधरा. बारापैकी आठ राशींत काही ना काही योग झालाच! म्हणून ‘तुमच्या पत्रिकेत सुनफा आहे’ एवढे ऐकून हुरळून जाऊ नये. सव्वादोन दिवसांत जन्मलेल्या जवळपास सगळ्यांच्या पत्रिकेत तो असतो.

खरी मेख कन्येच्या दुरुधरात आहे. मागे शुक्र, पुढे बुध, दोन्ही शुभ ग्रह. पण चंद्र सूर्याबरोबर आहे, म्हणजे अमावास्या जवळ आहे आणि चंद्र क्षीण आहे. हा योगायोग नाही. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही आणि शुक्र ४७ अंशांच्या आसपास थांबतो. त्यामुळे हे दोघे चंद्राच्या शेजारी येतात ते चंद्र सूर्याच्या जवळपास असतानाच. पौर्णिमेला चंद्र सूर्यासमोर जातो, तेव्हा त्याच्या शेजारी येऊ शकतात फक्त मंगळ, गुरू आणि शनी. बलवान चंद्राला शेजारी गुरू लाभला तर तो सुनफा मी कन्येतल्या त्या दुरुधरापेक्षा वरचा मानेन, कारण आधार घेणारा चंद्रच दुबळा असेल तर शेजाऱ्यांचे बळ त्याला पेलत नाही.

शेजारच्या ग्रहाची स्थितीही पाहावी लागते. मकरेत गुरू नीच होतो; चंद्र धनूत असेल तर सुनफा होईल, पण कमाईचा ओघ तितका मोकळा मानत नाहीत. उलट आपल्या मांडलेल्या आकाशात पौर्णिमेचा चंद्र मीनेत येतो. कुंभ आणि मेष रिकाम्या, म्हणून वरवर केमद्रुम. पण शनी त्याच राशीत चंद्राबरोबर बसला आहे, आणि चंद्राशी ग्रहाची युती असली की केमद्रुम भंग पावतो, असे अनेक आचार्य मानतात. अशा पत्रिकेवर दारिद्र्याचा शिक्का मारण्याआधी चंद्राच्या स्वतःच्या घरात कोण आहे, ते पाहायला हवे.