गच्चीच्या कोब्यातील ‘सरासरी जाडी’

काँक्रीटच्या सपाट गच्चीवर ब्रिकबॅट कोबा घालतात तो पाणी मुरू नये म्हणून, अशी सामान्य समजूत आहे. ती खोटी नाही. परंतु गच्चीवर पडलेले पाणी निचऱ्याच्या तोंडाकडे वाहून नेणे हे कोब्याचे तितकेच महत्त्वाचे काम होय. स्लॅब बहुधा समतल ओतलेला असतो. त्यामुळे सगळा ढाळ कोब्याच्या जाडीतूनच काढावा लागतो. तळाचा सिमेंट-वाळूचा थर व वरचा गुळगुळीत थर हे प्रत्येकी सुमारे २० मि.मी. जाडीचे, सर्वत्र सारखेच राहतात. कमीअधिक होतो तो मधला, मसाल्यात बसविलेल्या विटांच्या तुकड्यांचा थर. तेव्हा ढाळाचा हिशेब म्हणजे वस्तुतः या मधल्या थराचा हिशेब.

तो करताना एक चूक वारंवार होते, आणि तिचे मूळ ‘सरासरी’ या शब्दाच्या दोन अर्थांत आहे. मूळ फारसीत ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. गवंडी हा शब्द जणू त्याच अर्थाने घेतो: तोंडाशी असलेली जाडी आणि सर्वांत दूरच्या कोपऱ्याची जाडी यांची बेरीज करून तो निम्मी करतो. घनफळासाठी मात्र सरासरी हवी ती दोन टोकांची नव्हे, साऱ्या क्षेत्रफळावरची. गच्ची एका अंगाने दुसऱ्या अंगाकडे सरळ उतरत असेल, तर दोन्ही सारख्याच येतात. पाणी एका बिंदूकडे आणावयाचे असेल, तर येत नाहीत.

उदाहरणार्थ, १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद गच्ची घ्या. निचऱ्याचे तोंड एका लांब भिंतीच्या मध्यावर आहे. तेथून समोरचे दोन्ही कोपरे बरोबर १० मीटरांवर येतात. उरलेल्या तिन्ही भिंतींलगत कोबा एकाच पातळीवर ठेवतात व तोंडापासून त्या कोपऱ्यांपर्यंत दोऱ्या ताणतात. अशाने पृष्ठाचे तीन त्रिकोण पडतात आणि ते जेथे मिळतात त्या दोन रेषा घळीसारख्या होतात. पाणी भिंतीपासून काटकोनात निघून घळीत येते व घळीतून तोंडाकडे जाते. म्हणून ढाळ मोजावयाचा तो घळीत. कारण सर्वांत मंद उतार तेथेच असतो. १०० स १ असा ढाळ घळीत हवा असेल, तर १० मीटरांत १०० मि.मी. चढ द्यावा लागेल. पाठीमागच्या भिंतीपर्यंतचे सरळ अंतर ८ मीटर आहे म्हणून ८० मि.मी. चढ देणाऱ्याच्या हाती घळीत १२५ स १ एवढाच ढाळ लागतो.

आता प्रत्येक त्रिकोणाचे दोन शिरोबिंदू १०० मि.मी. उंच आहेत, तिसरा शून्यावर. सपाट त्रिकोणाची सरासरी उंची तिन्ही शिरोबिंदूंच्या उंचीची सरासरी असते. म्हणजे येथे ६७ मि.मी., ५० नव्हे. तोंडाशी सर्व थर मिळून किमान जाडी ६५ मि.मी. धरली, तर खरी सरासरी १३२ मि.मी. येते आणि ९६ चौरस मीटरांना सुमारे १२.६ घनमीटर कोबा लागतो. निमपटीच्या हिशेबाने ११५ मि.मी. व ११ घनमीटर एवढेच येतात. उणीव सुमारे १.६ घनमीटरांची, आणि ती सगळी विटांच्या थरातली.

माल कमी पडला की गवंडी काम थांबवीत नाही, चढ कमी करतो. ११ घनमीटरांत बसवावयाचे तर कोपऱ्याचा चढ ७५ मि.मी.वर येतो व घळीतला ढाळ १३३ स १ होतो. एवढ्या मंद उतारावर करणीच्या हाताने राहिलेला थोडासा खळगाही पाणी धरतो. चाचणीसाठी गच्चीत पाणी कोंडतात, त्या वेळी हा दोष दिसत नाही. पाणी सोडून दिल्यावर घळीत डबकी उरतात, तेव्हा दिसतो. त्यामुळे विटा बसविण्याआधीच कोपऱ्यांत व घळीत मधूनमधून ठिय्ये लावून त्यांची पातळी पाण्याच्या नळीने पाहावी.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरपत्रकातील या कामाच्या वर्णनात सरासरी जाडी १२० मि.मी. व तोंडाशी किमान ६५ मि.मी. धरलेली आढळते. वरील दोन-तृतीयांशाच्या हिशेबाने त्यातून ८२ मि.मी. चढ मिळतो, म्हणजे १०० स १ ढाळ सव्वाआठ मीटरांपर्यंतच पुरतो. त्यापलीकडे कोपरा असेल तर जाडी वाढवावी, की तोंडे वाढवावी? जाडीला वजनाची किंमत आहे. घनमीटरास दोन टनांच्या आसपास धरल्यास आपल्या कोपऱ्यातील १६५ मि.मी. कोबा चौरस मीटरास तीनशे किलोंहून अधिक भार टाकतो. वावरत्या गच्चीवर माणसांचा म्हणून धरतात तो भार दीडशे किलोंचा. समोरासमोरच्या लांब भिंतींच्या मध्यावर दोन तोंडे ठेवली, तर मधोमध पाणलोटाची रेषा येऊन दूरचा बिंदू ७.२ मीटरांवर राहतो, चढ ७२ मि.मी. पुरतो, सरासरी ११३ मि.मी. होते आणि कोबा १०.९ घनमीटरांत आटोपतो. दुसरे तोंड त्याच भिंतीत, दोन्ही पाव अंतरांवर ठेवल्यास दूरचा कोपरा साडेआठ मीटरांवर राहतो व बचत बरीच कमी होते.

दुसऱ्या नळाचा खर्च आराखडा काढतानाच धरावा लागतो. स्लॅब ओतल्यानंतर कठड्याच्या भिंतीत पाडलेले भोक हीच पुढे गळतीची जागा ठरते.