दादा-ताई होण्याआधीचं पुस्तक

घरात दुसऱ्या बाळाची चाहूल लागली की अडीच वर्षांच्या मुलीला येणारे-जाणारे दोन गोष्टी हमखास सांगतात. पहिली, ‘तुझ्याशी खेळायला बाळ येणार.’ दुसरी, हसत हसत, ‘आता तुझे लाड संपले बरं का!’ पहिली निदान वर्षभर तरी खोटी ठरते आणि दुसरी गंमत म्हणून सांगितलेली असली, तरी मुलीला गंमत कळत नाही. बाळ घरी येतं, ते खेळत नाही, रडतं आणि आईच्या मांडीवरची जागा खरंच जाते. मग मुलगी पुन्हा चड्डीत शू करू लागते, रात्री उठते, बाटलीनं दूध मागते, बाळाच्या गालाची पापी घेता घेता चिमटा काढते.

यात विकृत काही नाही. मिशिगन विद्यापीठाच्या ब्रेंडा व्होलिंग यांनी 241 कुटुंबांमधल्या पहिल्या मुलांचा, भावंड जन्मण्याआधीपासून ते वर्षाचं होईपर्यंत मागोवा घेतला. बहुतेक मुलं हा बदल बऱ्यापैकी पेलतात, मोठं संकट ओढवतंच असं नाही, असं त्यांना दिसलं. त्यामुळे चित्रपुस्तकाचं काम मत्सर नाहीसा करणं हे नाही. काय होणार आहे हे मुलाला आधी दाखवणं आणि जे वाटतंय त्याला शब्द मिळवून देणं, एवढंच ते काम आहे.

मराठीत या नेमक्या प्रसंगावरची पुस्तकं शोधायला गेलं, तर हाती फार लागत नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही मालिका घरातल्या माणसांची ओळख लहान मुलीच्या नजरेतून करून देते, तिचा पाया म्हणून उपयोग होतो. इंग्रजीत मात्र रांग लागलेली आहे. त्यातलं एझ्रा जॅक कीट्स यांचं 1967 सालचं ‘पीटर्स चेअर’ आजही वाचण्यासारखं आहे. पीटरचा पाळणा आणि उंच खुर्ची बहिणीसाठी गुलाबी रंगवली जाते, म्हणून तो आपली छोटी निळी खुर्ची घेऊन घराबाहेर जातो. कुणी उपदेश करत नाही. आपण आता त्या खुर्चीत मावत नाही हे त्याचं त्यालाच कळतं. मात्र ही गोष्ट चार वर्षांच्या मुलाची. अडीच वर्षांच्या मुलीला त्यातलं ‘मावत नाही’ समजेल, पण पीटरचं रुसणं तिच्या घरातल्या बाळाशी जोडणं जड जाईल.

एक धोकाही आहे. अमेरिकेतल्या संशोधक लॉरी क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भावंडांवरची दोनशेहून अधिक बालपुस्तकं तपासली. भांडण, चिडवणं, हिसकावणं यांची चित्रं त्यांत भरपूर होती, पण भांडण मिटवायचं कसं हे दाखवणारी पुस्तकं कमी. कथेला रंगत येण्यासाठी लेखक हे करतो, पण छोट्या श्रोत्याच्या लक्षात बाळाचं खेळणं खिडकीतून फेकणंच राहतं. म्हणून दुकानातलं पुस्तक आणलं तर ते आधी मोठ्यांनी वाचावं, भांडणाला किती पानं आणि समेटाला किती पानं दिली आहेत ते मोजावं.

दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी माझा कौल घरी केलेल्या पुस्तकाला आहे. त्याला आधारही आहे. पॅट्रिशिया गेनिया, जुडी डीलोश यांच्या 2008 सालच्या प्रयोगात दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांना पुस्तकात एखादी नवी वस्तू दाखवली. चित्र छायाचित्रासारखं खरं असेल तर प्रत्यक्ष वस्तू ओळखणं मुलांना सोपं गेलं. व्यंगचित्रासारखं असेल तेव्हा अवघड गेलं. गेनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे चार ते सहा वर्षांच्या मुलांवर आणखी एक प्रयोग केला. वाटून घेण्याची गोष्ट माणसांची असेल तर ऐकल्यावर मुलं अधिक वाटून घेत, कपडे घातलेल्या प्राण्यांची असेल तर तसं होत नसे. ससुला-अस्वल मुलांना आवडतात, पण ती आपल्या घरची गोष्ट आहे हे त्यांना लागत नाही.

समजा, नाशिकच्या सिडकोत राहणारं एक कुटुंब आहे. बाबा अंबडच्या कारखान्यात पाळीवर जातात, मुलगी अडीच वर्षांची, तिला घरात चिऊ म्हणतात. दुसऱ्या बाळंतपणासाठी आई निफाडला माहेरी जाणार, तारीख संक्रांतीच्या आसपासची. चिऊला कधी सांगायचं? चौथ्या महिन्यात सांगून उपयोग नाही, कारण ‘पाच महिन्यांनी’ याला तिच्या जगात काही अर्थ नाही. दिवाळी झाली, आईचं पोट दिसू लागलं, तेव्हा सांगावं. आणि कालगणना तिच्या ओळखीची असावी: ‘थंडी पडेल, तिळगूळ येईल, तेव्हा बाळ येईल.’

पुस्तकासाठी फोटो स्टुडिओत मिळणारा प्लास्टिकच्या खिशांचा छोटा अल्बम घ्या. पाठकोऱ्या वहीत चिकटवलेलं चालेल, पण अल्बमचं एक पान काढून दुसरं घालता येतं, याचा पुढे उपयोग होतो. बारा-चौदा पानं, प्रत्येक पानावर एक फोटो आणि एक वाक्य. पहिलं पान चिऊचंच: ती तान्ही असताना आजीच्या मांडीवर पाय पसरून अंघोळ घालतानाचं. ‘चिऊ अशी लहान होती. आजी तिला अंघोळ घालायची.’ ज्या गोष्टी बाळाला मिळणार, त्या आपल्यालाही मिळाल्या होत्या, हे तिला इथे डोळ्यांनी दिसतं. पुढच्या पानांवर आई, आईचं पोट, मग गाडी आणि निफाडचं अंगण.

मधली पानं सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक पुस्तकं नेमकी तीच गाळतात. आई दवाखान्यात जाईल, तेव्हा चिऊ कुणाजवळ झोपेल? फोटो हवा आजीच्या अंथरुणाचा आणि चिऊच्या गोधडीचा. तिला वरणभात कोण भरवेल, बाबा कोणत्या दिवशी येतील, फोनवर आई कशी दिसेल, हे एकेका पानावर यावं. त्यानंतर एक पान असं: ‘आईच्या पोटाला बाऊ झालाय. आई चिऊला उचलून घेणार नाही. चिऊ शेजारी बसेल, आई मिठी मारेल.’ सिझेरियन झालं तर सुमारे सहा आठवडे जड उचलू नका असं डॉक्टर सांगतात. अडीच वर्षांची मुलगी बारा किलोची असते. हे तिला आधी माहीत नसेल तर ‘बाळाला घेते, मला घेत नाही’ एवढाच अर्थ तिला लागेल.

बाळाच्या पानांवर खरं सांगा. नवजात बाळ दिवसातले सुमारे सोळा तास झोपतं, दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध पितं आणि त्याला वीत-सव्वा वीत अंतरावरचंच नीट दिसतं. चिऊच्या भाषेत ते असं होईल: ‘बाळ झोपतं. बाळ रडतं. बाळ दूध पितं. बाळ खेळत नाही.’ बाळाच्या फोटोचा खिसा रिकामा ठेवा आणि तो रिकामाच का आहे तेही तिला सांगा. जन्मानंतर फोटो तिच्या हातानं तिथे सरकवायचा.

तिथे ‘भाऊ’ लिहू नका. आपल्याकडे कायद्यानं गर्भाचं लिंग सांगता येत नाही, पण मोठी माणसं मुलीला ‘तुला भाऊ येणार’ असं सर्रास सांगतात. बहीण आली तर चिऊची फसवणूक होतेच, शिवाय घरात कुणाला काय हवं होतं, हेही तिला कळतं. ‘बाळ’ हा शब्द पुरेसा आहे. बाळ वेळेआधी आलं आणि काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर पेटीतल्या बाळाचं एक पान आत घालता येतं. बदलता येणाऱ्या अल्बमचा फायदा हाच.

आता वाचायचं कसं? रोज एकदा, झोपताना नव्हे तर ती ताजी असताना, आणि पानं उलटण्याचं काम तिचं. वाक्य वाचून थांबा. ती म्हणेल, ‘बाळ नको.’ यावर ‘असं नाही म्हणायचं’ हे उत्तर सर्वांत वाईट, कारण त्यानंतर ती म्हणणार नाही, करेल. ‘बाळ नको वाटतंय. आई फक्त चिऊची हवी,’ एवढं तिचंच वाक्य तिला परत द्या आणि पुढचं पान येऊ द्या. तिनं बाळाच्या पानावर चापट मारली तर ओरडू नका. ‘राग आलाय. उशीला मार. बाळाला लागतं,’ असं सांगून उशी पुढे करा. नाशिककरांना राम-लक्ष्मणाच्या बंधुप्रेमाची गोष्ट पंचवटीत रोज ऐकू येते, पण रुसलेल्या अडीच वर्षांच्या मुलीला ती ऐकवण्यात अर्थ नाही. लक्ष्मणाला कधी राग आला असेल का, हा प्रश्न तिला सुचेल तेव्हा सांगावी.

पुस्तकाचं खरं काम बाळ आल्यानंतर सुरू होतं. जुडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी केंब्रिजमधल्या 40 कुटुंबांत दुसऱ्या बाळाच्या जन्माआधीपासून घरी जाऊन निरीक्षणं केली, त्यावरचं त्यांचं पुस्तक 1982 साली आलं. ज्या आया पहिल्या आठवड्यांपासूनच मोठ्या मुलाशी बाळाबद्दल, त्याला काय हवं असेल, काय वाटत असेल, असं बोलत होत्या, त्यांची मुलं वर्षभरानंतरही बाळाशी अधिक आपुलकीनं वागताना दिसली. यात एक गोष्ट लक्षात घ्यावी: हा एकत्र आढळलेला संबंध आहे, कारण-परिणाम नव्हे. तरी बोलण्याला खर्च नाही. दूध पाजताना आईचा एक हात मोकळा असतो. चिऊ दुसऱ्या बाजूला पुस्तक घेऊन बसते. ‘रडतंय का बरं? भूक लागली असेल, की शेक नको वाटला? तुला काय वाटतं?’ चिऊला उत्तर देण्याचा मान मिळतो आणि मांडीची एक कड तरी तिच्याकडे राहते.

यापुढे पुस्तकाच्या हाती काही नसतं. बाळाला एकटं तिच्याजवळ ठेवायचं नाही, एक मिनिटही नाही, पुस्तक कितीही पाठ झालेलं असो. शू-शीच्या सवयी आणि झोप बिघडली तर काही आठवडे धीर धरावा. पण आधी बोलत असलेले शब्दच बंद झाले, शू करताना दुखतं किंवा शी घट्ट होऊन रक्त पडतं, खाणं तुटलं, दीड-दोन महिन्यांनंतरही मुलगी खेळायला उठत नाही किंवा बाळाला पुन्हा पुन्हा जाणून दुखवते, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावं. ही लक्षणं ‘बाळ आल्यामुळे’ म्हणून सोडून दिली जातात आणि मूळ दुखणं मागे राहतं. आईच उदास आहे, तिला रडू येतंय, झोप लागत नाही, असं असेल तर आधी तिला दाखवावं.

अल्बमला शेवटी दोन-तीन रिकामे खिसे जास्त ठेवावेत. बाळ पहिल्यांदा चिऊकडे बघून हसतं ते साधारण सहाव्या-आठव्या आठवड्यात, बाराव्या दिवशीच्या बारशाला मुळीच नाही. त्या हसण्याचा फोटो काढून तिथे लावायला तेव्हा जागा लागते.