लग्नानंतर पॉलिसीवर नाव कुणाचं?

नोकरी लागली की वर्षभरात एखादी विमा पॉलिसी घेतली जाते आणि नॉमिनी म्हणून आईचं नाव लागतं. पुढे लग्न होतं. रेशनकार्डावर, बँकेच्या खात्यावर बायकोचं नाव चढतं. पॉलिसी मात्र कपाटात तशीच पडून राहते. लग्न झालं म्हणून विमा कंपनी आपणहून नॉमिनी बदलत नाही.

समजा, एका मुलाने 2018 साली 10 लाखांची पॉलिसी घेतली, नॉमिनी आई. लग्न 2023 साली झालं. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, तर कंपनी नोंदीत असलेल्या आईलाच पैसे देईल. विमा कायद्याच्या कलम 39 मध्ये 2015 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील, तर रक्कम त्यांच्या हक्काची मानली जाते.

मग आईचं नाव काढून बायकोचं घालायचं का? आई मुलावरच अवलंबून असेल, तर तसं करू नये असं मला वाटतं. दोघींची नावं लावून प्रत्येकीचा टक्का लिहिता येतो, 50-50 किंवा 40-60. या बदलाला जुन्या नॉमिनीची संमती लागत नाही. पण घरात आधी बोलून घेतलेलं बरं.

कंपनीचा नॉमिनी बदलाचा अर्ज भरायचा. त्यावर पॉलिसीधारकाची सही, बहुतेक ठिकाणी साक्षीदाराचीही. सोबत मूळ पॉलिसी बाँड, स्वतःचं ओळखपत्र, नव्या नॉमिनीचं ओळखपत्र, जन्मतारीख आणि नातं. काही कंपन्या लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्रही मागतात.

खरी अडचण नावात येते. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. नवरा अर्जात सासरचं नाव लिहितो. आधार, पॅन आणि बँक खातं मात्र माहेरच्या नावाचं असतं. अर्ज सहज स्वीकारला जातो, पण दाव्याच्या वेळी ही दोन नावं एकाच बाईची आहेत हे तिला सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून आज तिच्या कागदांवर जे नाव आहे, तेच अक्षरशः लिहावं. पुढे तिने नाव बदललं, तर पुन्हा अर्ज द्यावा.

खिडकीवर अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला की लोक निश्चिंत होतात. तो शिक्का अर्ज पोचल्याचा, बदल नोंदल्याचा नव्हे. नोंद झाल्याची लेखी पोच देणं कायद्याने कंपनीला बंधनकारक आहे. मृत्युपत्रातूनही नॉमिनी बदलता येतो, पण त्याची लेखी सूचना कंपनीला मिळाली नसेल, तर नोंदीतल्या जुन्या नॉमिनीला पैसे दिल्याबद्दल कंपनी जबाबदार धरली जात नाही. म्हणून ही पोच हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका, आणि ती आली की बाँडसोबत ठेवून बायकोला आणि आईला जागा दाखवा.