‘हो ४७’ पाठवल्यानंतर काय होतं?

उद्या सकाळी साडेदहाला दातांच्या डॉक्टरांकडे जायचं असेल, तर आदल्या संध्याकाळी मोबाइलवर निरोप येतो. येणार असाल तर ‘हो ४७’, नसाल तर ‘नाही ४७’ असं अमुक नंबरवर पाठवा. आपण तेवढं पाठवून कामाला लागतो. थोड्या वेळाने दवाखान्याच्या यादीत आपल्या नावापुढचं ‘उत्तर बाकी’ जाऊन ‘येणार’ असं दिसू लागतं. मधल्या काळात कुणी फोन केलेला नसतो की कुणी निरोप वाचलेला नसतो. हे काम एक छोटा प्रोग्रॅम करतो.

निरोपात उत्तरासाठी वेगळा नंबर का दिलेला असतो, हे आधी सांगायला हवं. संस्थांकडून येणाऱ्या एसएमएसवर पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचं नाव दिसतं आणि आपल्याकडे त्या नावाला थेट उत्तर धाडता येत नाही. म्हणून दवाखाना एसएमएस सेवा देणाऱ्या कंपनीकडून एक साधा दहा आकडी नंबर भाड्याने घेतो. उत्तरं त्या नंबरवर जमा होतात आणि प्रोग्रॅम ठरावीक वेळाने ती उचलून आणतो. सर्व्हरवरच्या वेळापत्रकात त्यासाठी एवढी एकच ओळ लागते:

```
*/5 * * * * /opt/clinic/read_replies
```

म्हणजे दर पाच मिनिटांनी ‘read_replies’ चालवा. उत्तर आल्या क्षणी प्रोग्रॅमला उठवण्याचीही सोय असते. पण दवाखान्याच्या कामाला मला ही फेऱ्यांची पद्धत जास्त भरवशाची वाटते. दोन तास इंटरनेट गेलं तरी उत्तरं कंपनीकडे साठून राहतात आणि पुढच्या फेरीत सगळी एकदम मिळतात. काळजी एकच घ्यावी लागते. एखादी फेरी पाच मिनिटांपेक्षा लांबली आणि तेवढ्यात दुसरी सुरू झाली, तर दोघी तेच निरोप वाचायला घेतात. म्हणून पहिली फेरी संपेपर्यंत दुसरीला थांबवणारं कुलूप प्रोग्रॅममध्ये ठेवतात.

निरोप हातात आला की तो कुणाचा, हे शोधायचं. नुसत्या मोबाइल नंबरावरून ते ठरत नाही, कारण आपल्याकडे एका फोनवर अख्ख्या घराचा कारभार चालतो. आईची वेळ साडेदहाची, मुलाची बाराची, आणि दोघांसाठी नंबर एकच. ‘हो’ एवढंच आलं तर ते कुणाचं? म्हणून तो ४७ लागतो. मोबाइल नंबर आणि ४७ दोन्ही जुळले, तरच नोंदीला हात लावायचा. त्यातही एकच नंबर कधी ‘+91’ लावून येतो, कधी आधी शून्य असतो, कधी नुसते दहा आकडे. आकडे सोडून बाकी सगळं काढून टाकायचं आणि शेवटचे दहा आकडे ताडून पाहायचे. ‘४७’ देवनागरीत लिहिलं काय किंवा ‘47’ लिहिलं काय, प्रोग्रॅमला दोन्ही सारखंच वाटलं पाहिजे.

खरी कसोटी उत्तराचा अर्थ लावताना लागते. लोक हो, होय, hoy, ok, येतो, येते, नाही, nahi, नको असं काहीही पाठवतात. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटतं, निरोपात कुठेही ‘हो’ सापडलं की होकार आणि ‘नाही’ सापडलं की नकार. मराठीत हा हिशेब लगेच फसतो. ‘उद्या येणं होणार नाही’ यात ‘हो’ ही अक्षरं आहेत आणि उत्तर नकाराचं आहे. ‘काही हरकत नाही, येतो’ यात ‘नाही’ स्पष्ट आहे आणि माणूस येणार आहे. त्यामुळे शब्द वाक्यात कुठे आहे का, हे बघून चालत नाही. कडेच्या मोकळ्या जागा, पूर्णविराम आणि तो आकडा काढल्यावर उरलेला सगळा मजकूर मान्य शब्दांच्या छोट्या यादीतल्या एखाद्या शब्दाशी तंतोतंत जुळला, तरच निर्णय घ्यायचा. बाकी प्रत्येक निरोप जसाच्या तसा स्वागतकक्षातल्या माणसासमोर ठेवायचा. ‘हो, पण अकराला आलं तर चालेल का?’ याला होकार धरणं चूक आणि नकार धरणंही चूक. तिथे माणसानेच फोन करायला हवा.

आता नोंद बदलायची. तो हुकूम साधारण असा असतो:

```
UPDATE appointments SET status = 'confirmed'
WHERE token = :token AND phone = :phone
  AND visit_date = :date AND status = 'pending';
```

यातली शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आहे. नोंद अजून ‘pending’, म्हणजे उत्तराची वाट पाहणारी असेल, तरच ती बदलते. हुकूम चालल्यावर किती नोंदी बदलल्या ते डेटाबेस सांगतो. एक बदलली, तर काम झालं. शून्य असेल, तर काहीतरी वेगळं घडलेलं आहे. समजा उत्तर सकाळी नऊपर्यंत द्यायचं होतं. ते आलं नाही म्हणून दवाखान्याने साडेदहाची वेळ दुसऱ्याला दिली आणि सव्वानऊला ‘हो ४७’ आलं. ही अट नसती तर एका खुर्चीवर दोन माणसं बसवली गेली असती. अटीमुळे नोंद तशीच राहते आणि निरोप माणसाकडे जातो. आधी ‘हो’ आणि तासाभराने ‘नाही’ पाठवणाऱ्याचंही तेच. त्याचा दुसरा निरोप पहिल्यावर गुपचूप लिहिला जात नाही, पण हरवतही नाही.

प्रत्येक निरोपाला स्वतःचा ओळखक्रमांक असतो. नोंद बदलणं आणि हा क्रमांक ‘वाचला’ म्हणून टिपणं ही दोन्ही कामं डेटाबेसने एकत्रच पक्की करावी लागतात. मध्येच वीज गेली तर दोन्ही होत नाहीत आणि पुढच्या फेरीत निरोप पुन्हा वाचला जातो. आधी ‘वाचला’ अशी खूण केली आणि नोंद राहून गेली, तर आलेलं उत्तर कायमचं गायब होतं, आणि रुग्ण मात्र कळवलं म्हणून निश्चिंत असतो.

ईमेलची गोष्ट थोडी निराळी. उत्तराखाली आपलंच मूळ पत्र चिकटून येतं आणि त्यात ‘हो किंवा नाही कळवा’ हे शब्द असतातच. म्हणून वरचा नवा मजकूर तेवढाच वाचायचा. उत्तर कोणत्या पत्राला आहे, हे बहुतेक वेळा ‘In-Reply-To’ या मथळ्यावरून कळतं. ‘मी रजेवर आहे’ अशी आपोआप जाणारी उत्तरंही येतात. बऱ्याचदा त्यांच्यावर ‘Auto-Submitted: auto-replied’ अशी खूण असते. ती दिसली की पत्र बाजूला ठेवायचं. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिणं सोपं असल्यामुळे नुसत्या पत्त्यावर विश्वास न ठेवता, उत्तराच्या पत्त्यातच प्रत्येक रुग्णासाठी न ओळखता येणारी वेगळी खूण घालून ठेवतात.

असा कारभार नीट चालतोय का, हे स्वागतकक्षात रोज सकाळी पाहता येतं. बाजूला ठेवलेले निरोप किती आहेत आणि शेवटची फेरी कधी झाली, या दोनच गोष्टी बघायच्या. एरवी भरपूर उत्तरं येतात आणि आज एकही नाही, तर रुग्ण गप्प आहेत असं समजू नये. फेरी बंद पडलेली असण्याची शक्यता जास्त असते.

आपल्याला असा निरोप आला, तर त्यात सांगितलेला शब्द आणि आकडा एवढंच पाठवावं. वेळ बदलायची असेल किंवा काही विचारायचं असेल, तर ते त्याच उत्तरात न लिहिता दवाखान्याला सरळ फोन करावा.