सर्व्हर बंद, सूचना मात्र चालू

19 मार्च 2019 च्या सकाळी नॉर्स्क हायड्रो या नॉर्वेजियन ॲल्युमिनियम कंपनीच्या ओस्लोतील मुख्यालयात कामावर आलेल्यांना दारावरच एक कागद चिकटवलेला दिसला. मजकूर चार-पाच ओळींचा होता. कंपनीवर सायबर हल्ला झाला आहे, कुठलेही उपकरण कंपनीच्या नेटवर्कला जोडू नका, जोडलेले उपकरण चालू करू नका, फोन-टॅब्लेट नेटवर्कवरून काढा, पुढच्या सूचनेची वाट पाहा. खाली सही कुणा साहेबाची नव्हती, फक्त ‘सिक्युरिटी’ एवढेच होते. लॉकरगोगा नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने रात्रीतून फाइली कुलूपबंद केल्या होत्या, आणि चाळीस देशांतल्या सुमारे पस्तीस हजार कर्मचाऱ्यांना काहीतरी सांगणे भाग होते.

त्या कागदावर हल्ला कुणी केला, कसा केला, नुकसान किती, यातले काहीच नव्हते. वाचणाऱ्याने पुढच्या पाच मिनिटांत काय करायचे आणि काय करायचे नाही, एवढेच होते. अशा वेळच्या ईमेलचा सांगाडाही हाच असतो.

समजा, एका मध्यम आकाराच्या वितरण कंपनीत सकाळी सव्वाआठला फाइल सर्व्हर आणि बिलिंग ठप्प झाले. आयटीवाल्यांच्या डोक्यात दहा गोष्टी असतात, त्यामुळे पहिला मसुदा बहुधा असा उतरतो: ‘काही तांत्रिक अडचणींमुळे सेवा खंडित झाली आहे, आमची टीम युद्धपातळीवर काम करत आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ यातून कर्मचाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तो आपला मशीन पुन्हा पुन्हा चालू-बंद करत बसतो. त्याऐवजी असे लिहावे:

विषय: नेटवर्कची केबल काढा – स्थिती, सकाळी 9:30

नमस्कार. सकाळी 8:15 पासून फाइल सर्व्हर आणि बिलिंग बंद आहे. कारण सुरक्षेशी संबंधित असल्याने आम्ही नेटवर्कचा काही भाग स्वतःहून तोडला आहे. ईमेल आणि फोन चालू आहेत.
चालू संगणक बंद करू नका. त्याची नेटवर्क केबल काढा आणि वाय-फाय बंद करा. बंद असलेला संगणक चालू करू नका. ईमेल मोबाइलवर, मोबाइल डेटा वापरून पाहा. बिले आज छापील पुस्तकावर करा.
या ईमेलमध्ये लिंक नाही आणि आम्ही कुणाचाही पासवर्ड मागणार नाही. स्क्रीनवर अनोळखी संदेश दिसल्यास फोटो काढून हेल्पडेस्कला फोन करा. बाहेरून विचारणा आली तर ती व्यवस्थापकांकडे पाठवा.
पुढची माहिती 11:00 वाजता, नवीन काही नसले तरीही.

संगणक बंद करू नका, हे वाचून लोक चक्रावतात. पण हल्लेखोराच्या प्रोग्रामचे काही ठसे फक्त चालू संगणकाच्या मेमरीत असतात आणि वीज गेली की पुसले जातात. केबल काढली की पसरणेही थांबते आणि पुरावाही राहतो. केबल काढता येत नसेल तरच बंद करणे हा नाइलाजाचा उपाय, आणि तो आयटीने सांगावा.

लिंक नसल्याची ओळही भरतीची नाही. अशा गोंधळात ‘आयटी विभागाकडून, पासवर्ड तातडीने बदला’ असे बनावट मेल येऊ शकतात. लोकांना आधीच सांगितले असेल तर खोटा मेल ओळखता येतो. पासवर्ड खरोखर बदलायची वेळ येते तेव्हा ते काम दुसऱ्या मार्गाने, म्हणजे विभागप्रमुखांकरवी किंवा समोरासमोर करून घेतात.

मेलमध्ये काय नाही, तेही पाहा. ‘तुमचा डेटा सुरक्षित आहे’ असे कुठेही नाही. तपास काही तासांत संपत नाही, आणि तिसऱ्या दिवशी हे वाक्य मागे घ्यावे लागले की पुढच्या कुठल्याच मेलवर विश्वास राहत नाही. ‘दुपारपर्यंत सुरू होईल’ हेही नाही. वेळ द्यायची ती पुढच्या मेलची, दुरुस्तीची नव्हे. कुणी चुकीची अटॅचमेंट उघडली याचा तर उल्लेखच नको. हल्लेखोर ही पेटी वाचत असू शकतो, तेव्हा कुठला सर्व्हर वाचला आणि बॅकअप कुठे आहे, हे त्याला आयते सांगू नये. 2022 मध्ये उबरमध्ये घुसलेल्याने तर कंपनीच्याच स्लॅकवर ‘मी हॅकर आहे’ अशी घोषणा केली होती. अशी शंका असेल तर मेल सोडून फोनची साखळी, एसएमएस किंवा सरळ दारावरचा कागद.

अकरा वाजता सांगायला काही नसेल, तर मेल दोन ओळींचा होतो: ‘स्थिती 9:30 प्रमाणेच. सूचना त्याच. पुढची माहिती 1:00 वाजता.’ हा पाठवायचा कंटाळा अनेकांना येतो आणि साडेअकराला हेल्पडेस्कचा फोन वाजायला लागतो.