फोटोतल्या तक्त्यावरून घसारा काढताना

आर्थिक वर्ष संपलं की छोट्या कंपन्यांचे कागद सीएच्या ऑफिसात मोबाईलवरून येऊ लागतात. त्यांतच असतो मालमत्तेच्या तक्त्याचा फोटो. रजिस्टरचं पान थोडं तिरकं धरलेलं, एका कोपऱ्यावर ट्यूबलाईटची तिरीप. त्यावरून घसाऱ्याचं वर्कशीट करायचं असतं. सरळ रेषा पद्धतीचं सूत्र अकरावी कॉमर्सच्या मुलालाही येतं: एकूण किमतीतून मोडीची किंमत वजा करा आणि उरलेल्या रकमेला आयुष्याच्या वर्षांनी भागा. आकडेमोड इतकीच असते, पण तिच्यात कोणते आकडे घालायचे हे ठरवताना गाडी अडते.

उदाहरणासाठी भोसरीतलं एक लहान वर्कशॉप घेऊ. धंदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर आहे आणि फोटोतल्या तक्त्यात चार ओळी आहेत.

| मालमत्ता | तारीख | किंमत (रु.) |
|---|---|---|
| जमीन | १-४-२०२० | ६,००,००० |
| लेथ मशीन | १२-८-२०२२ | ४,८०,००० |
| फर्निचर | १-४-२०२३ | ६०,००० |
| संगणक | १-४-२०२३ | ८४,००० |
| एकूण | | १२,२४,००० |

फोटोवरून आकडे उतरवून झाले की सूत्राकडे वळण्याआधी बेरीज करावी आणि ती तळाच्या बेरजेशी ताडून पाहावी. समजा, संगणकाचे ८४,००० घाईत ४८,००० असे उतरले. मग बेरीज ११,८८,००० येते आणि ३६,००० चा फरक दिसतो. या रकमेला ९ ने नि:शेष भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरक ९ च्या पटीत येतोच, म्हणून जुने हिशेबनीस असा फरक दिसला की आधी अंकांची अदलाबदल शोधतात. फरक ९ च्या पटीत नसेल, तर एखादी ओळ सुटली असेल किंवा हस्ताक्षरातला १ हा ९ वाचला गेला असेल. बेरीज जुळली तरी तारीख बरोबरच आहे असं मात्र धरता येत नाही, कारण फोटो तिरका असला की वरच्या ओळीची तारीख खालच्या ओळीला चिकटते. तारखा एकेक करून बिलाशीच ताडाव्या लागतात.

लेथच्या ओळीत बिल काढावंच लागतं. बिलाच्या तळाशी रक्कम आहे ५,३१,००० रुपये आणि तक्त्यात आहे ४,८०,०००. दोन्ही आकडे खरे आहेत. मशीनची मूळ किंमत ४,५०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ८१,०००. कंपनीने या कराचं इनपुट क्रेडिट घेतलं आहे, त्यामुळे तो किमतीत धरायचा नाही. एकाच करावर क्रेडिटही घ्यायचं आणि घसाराही लावायचा, हे जीएसटी कायद्याला चालत नाही. मशीन कारखान्यात आणायला आणि बसवायला मिळून ३०,००० लागले. ते मात्र किमतीत धरायचे, कारण त्या खर्चाशिवाय मशीन चालू झालंच नसतं.

तारखेचंही तसंच. १२ ऑगस्ट ही बिलाची तारीख. फाउंडेशन, वायरिंग आणि चाचणी उरकून लेथ कामाला तयार झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. लेखा मानकांनुसार मालमत्ता वापरायला तयार झाली की घसारा सुरू होतो. म्हणून २०२२-२३ या पहिल्या वर्षात सहाच महिन्यांचा घसारा लागेल.

आयुष्य किती धरायचं, हे कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत सापडतं. सर्वसाधारण यंत्रांना १५ वर्षं, फर्निचरला १०, संगणकाला ३. मोडीची किंमत साधारणपणे मूळ किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त धरू नये, असंही तिथे म्हटलं आहे. जमिनीला घसारा नाही. ती तक्त्यात दिसते, बेरजेत येते आणि वर्कशीटमध्ये वर्षानुवर्षं ६,००,००० वरच राहते.

आता लेथचा हिशेब. ४,८०,००० चे ५ टक्के म्हणजे २४,०००. ते वजा जाऊन उरले ४,५६,०००, आणि त्याला १५ ने भागलं की वर्षाचा घसारा ३०,४०० रुपये. पहिल्या सहा महिन्यांचे १५,२०० गेले की ३१ मार्च २०२३ ला पुस्तकी किंमत ४,६४,८०० राहते. पुढे दरवर्षी ३०,४०० कमी होत जातात: ४,३४,४००, मग ४,०४,०००, आणि ३१ मार्च २०२६ ला ३,७३,६००.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. आयुष्य १५ वर्षांचं असलं, तरी वर्कशीटमध्ये ओळी १६ लागतात. पहिलं वर्ष अर्धं होतं, त्यामुळे उरलेलं अर्धं वर्ष शेवटी येतं. ३१ मार्च २०३७ ला ३९,२०० शिल्लक असतात, त्यातून शेवटचे १५,२०० गेले की बरोबर २४,००० उरतात. शेवटच्या ओळीत मोडीची किंमत आली नाही, तर वर कुठे तरी चूक आहे असं समजावं.

एक्सेलमध्ये वर्षाचा घसारा काढायला `SLN` हे फंक्शन आहे. त्यात क्रमाने किंमत, मोडीची किंमत आणि आयुष्य द्यायचं. पण मालमत्ता वर्षाच्या मध्यात घेतली की आयुष्य संपलं, हे त्याला कळत नाही. सूत्र नुसतं खाली ओढत नेलं, तर २०२६-२७ मध्ये संगणकाची पुस्तकी किंमत उणे २२,४०० दिसेल. उपाय सोपा आहे. `C5` मध्ये वर्षाच्या सुरुवातीची पुस्तकी किंमत असेल, तर असं लिहायचं:

```
=MIN(SLN(84000,4200,3), C5-4200)
```

संगणकाचा वर्षाचा घसारा २६,६००. तीन वर्षांनी पुस्तकी किंमत ४,२०० वर येते आणि त्यानंतर हे सूत्र शून्य देतं. हेच सूत्र लेथचे आकडे घालून वापरलं, तर सोळाव्या ओळीतले १५,२०० ही आपोआप येतात. पहिल्या वर्षाचे सहा महिने मात्र हातानेच घालावे लागतात.

फर्निचरचा वर्षाचा घसारा ५,७००. म्हणजे २०२५-२६ चा एकूण घसारा ३०,४००, ५,७०० आणि २६,६०० मिळून ६२,७०० रुपये. ३१ मार्च २०२६ ला जमिनीसह सगळ्याची पुस्तकी किंमत १०,२०,७००. ताळा उलट्या बाजूने घ्यायचा: तोपर्यंतचा साठलेला घसारा २,०३,३०० त्यात मिळवला की फोटोच्या तळाशी असलेले १२,२४,००० पुन्हा यायला हवेत, आणि ते येतात.

हे वर्कशीट कंपनीच्या ताळेबंदाला चालतं, आयकराच्या विवरणपत्राला नाही. आयकरात अशा कारखान्यांसाठी घटत्या शिलकेवर घसारा काढतात. सर्वसाधारण यंत्रांचा दर १५ टक्के, आणि त्या वर्षात मालमत्ता १८० दिवसांहून कमी वापरली असेल तर त्याच्या निम्मा. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे १८२ दिवस भरतात. त्यामुळे लेथ १ ऑक्टोबरलाच कामाला लागलं असेल, तर पहिल्याच वर्षी पूर्ण दराने ७२,००० रुपये घसारा मिळतो, तर कंपनीच्या पुस्तकात तोच १५,२०० असतो. ४ ऑक्टोबरला चालू झालं असतं, तर १७९ दिवस भरून आयकरातला घसारा ३६,००० वर आला असता. म्हणून त्याच फोटोवरून दुसरं शीट करावं लागतं आणि मशीन कधी चालू झालं, हा प्रश्न वर्कशॉपच्या मालकाला फोन करून विचारावाच लागतो.